फुल ॲडरचं उत्तर एकने जास्त येत होतं

ब्रेडबोर्डवर 74LS86 (एक्सॉर), 74LS08 (अँड) आणि 74LS32 (ऑर) जोडून फुल ॲडर केला होता. पहिला हाफ ॲडर A आणि B ची बेरीज करतो: एक्सॉर बेरजेचा बिट देतो, अँड हातचा. दुसरा त्या बेरजेत आधीचा हातचा, म्हणजे Cin, मिळवतो. दोन्ही हातचे ऑरमधून बाहेर पडतात.

Cin चा स्विच उघडा असताना 0+0 चं उत्तर बायनरीत 1 आलं, 1+0 चं 10, 1+1 चं 11. प्रत्येक वेळी नेमका एक जास्त, म्हणजे गेट ठीक होते, Cin च 1 वाचला जात होता. LS चिपची मोकळी इनपुट पिन 1 धरली जाते. मीटरवर तिथे ना 0 दिसतं, ना 5 व्होल्ट, मधलंच काहीतरी.

Cin वरून ग्राउंडला 10 किलोओहमचा रेझिस्टर लावून भागलं नाही. LS इनपुटमधून करंट बाहेर येतो, आणि Cin एक्सॉर व अँड दोन्हींना जातो. मिळून जास्तीत जास्त 1.2 मिलिअँपिअर. 470 ओहमवर त्याचे 0.56 व्होल्ट होतात, 0 साठीच्या 0.8 च्या मर्यादेत. तोच लावला. A आणि B च्या स्विचनाही तेवढाच लागतो.