तीन दिवसांत पेपर छापून देणारं जर्नल: पैसे भरण्याआधी काय तपासाल?

सांगलीतल्या एका कॉलेजचं ग्रंथालय मी सांभाळतो. प्रमोशनच्या फायली निघाल्या, की प्राध्यापक मंडळी मोबाईल पुढे करतात, ‘सर, हे जर्नल बरं आहे का बघा की जरा.’ मागे मराठीच्या मॅडमनी एक मेसेज दाखवला: तीन दिवसांत प्रसिद्धी, यूजीसी केअर लिस्टेड, इम्पॅक्ट फॅक्टर 7.8, फी 1,800 रुपये, वर सर्टिफिकेट.

एक दावा वाचतानाच पडला. केअर ही यूजीसीने मान्य केलेल्या जर्नलांची यादी होती, ती यूजीसीने फेब्रुवारी 2025 मध्ये बंद केली, त्यामुळे आज कुणी त्या नावावर पेपर मागत असेल तर तिथेच शंका घ्यावी. इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे जर्नलमधल्या पेपरांचा इतर पेपरांत सरासरी किती वेळा संदर्भ येतो तो आकडा, क्लॅरिव्हेट कंपनी काढते. त्याच्याशी मिळतीजुळती नावं लावून आकडे विकणारे बरेच आहेत, तेव्हा आकडा कुणी दिला हे आधी विचारायचं.

मग आयएसएसएन घेतला. हा आठ अंकी क्रमांक portal.issn.org वर टाकला, की कोणत्या नियतकालिकाला दिलाय ते फुकट दिसतं. (शेवटी अंकाऐवजी X असू शकतो, ती चूक नव्हे.) गाडीच्या नंबरासारखंच आहे हे, गाडी कुणाची ते कळतं, चालवणारा कसा ते नाही. छापील आणि ऑनलाइन आवृत्तीला वेगवेगळे क्रमांक असतात. मॅडमच्या जर्नलचा क्रमांक खरा निघाला, नावही जुळलं. पण नोंद फक्त छापील अंकाची होती. त्या त्रैमासिकाच्या जुन्या अंकावरचा फोन लावला. संपादक म्हणाले, ‘आमची वेबसाइटच नाही हो!’ नाव आणि नंबर उचलून दुसऱ्याच कुणीतरी दुकान थाटलं होतं. याला क्लोन जर्नल म्हणतात, आणि नुसता आयएसएसएन बघून थांबणारे इथेच फसतात.

म्हणून साइटचं वयही बघा. lookup.icann.org वर पत्ता टाकला, की बहुतेक वेळा नोंदणीची तारीख मिळते. इथे अंक 2011 पासूनचे मांडलेले होते आणि डोमेन जेमतेम आठ महिन्यांचं! ताज्या अंकात लावणीपासून नॅनो-कणांपर्यंत सगळं एकत्र. एवढ्या विषयांचे पेपर तीन दिवसांत तपासणार कोण?

फी घेतात म्हणून मात्र कुणाला बाद करू नका. वाचकांना फुकट वाचता येणारी चांगली मुक्त-प्रवेश जर्नलंही फी घेतात, पण साधारणपणे पेपर तपासून स्वीकारल्यावर, आणि रक्कम साइटवर आधीच लिहिलेली असते. इथे पेपर पाठवायच्या आधीच कुणाच्या तरी वैयक्तिक यूपीआयवर पैसे मागितले होते.

मॅडमनी ते भरलेही होते. पेपर अजून साइटवर चढला नव्हता, म्हणून त्याच दिवशी ईमेलने लेखी माघार घ्यायला लावली आणि कॉपीराइटच्या फॉर्मवर सही करू दिली नाही. उलट उत्तर आलं, माघारीचे 3,000 रुपये भरा. ते भरले नाहीत. ईमेलची प्रत फाइलला लावून ठेवलीय, कारण हाच पेपर दुसऱ्या जर्नलला पाठवला आणि उद्या तो या साइटवरही दिसला, तर तिथल्या संपादकाला दाखवायला तेवढंच हाताशी आहे.