ऑटोमॅटिक गाडीतले पॅडल शिफ्टर: घाट उतरताना आणि ओव्हरटेक करताना या चुका टाळा

महाबळेश्वरहून पोलादपूरकडे आंबेनळी घाटाने उतरताना साधारण ४० किलोमीटरमध्ये गाडी जवळजवळ १३०० मीटर खाली येते. माणसं-सामान धरून गाडीचं वजन दीड टन असेल, तर एवढ्या उतारात मोकळी होणारी ऊर्जा साठेक लिटर पाण्याला उकळी आणायला पुरेल. त्यातली काही हवेचा विरोध आणि टायर खातात. बाकीची ब्रेकच्या डिस्क तापवण्यात घालवायची की इंजिनाला अंगावर घ्यायला लावायची, हे चालक ठरवतो. स्टिअरिंगमागे डाव्या हाताला असलेली मायनसची पट्टी, म्हणजे गिअर एकेक खाली आणणारं पॅडल, त्यासाठीच आहे. उजवीकडचं प्लस गिअर वर नेतं.

बहुतेक जण गाडी D मध्येच ठेवतात आणि वळण जवळ आलं की मायनस दाबतात. बऱ्याच गाड्यांत D मध्ये पॅडल दाबलं तर मॅन्युअल मोड तात्पुरताच चालू होतो. पुढच्या सरळ पट्ट्यात ॲक्सिलरेटरवर थोडा पाय पडला किंवा काही वेळ गेला की गिअरबॉक्स आपणहून D मध्ये परत जातो आणि वरचा गिअर टाकतो. मग पुढच्या वळणाला गाडी मोकळी धावत सुटल्यासारखी वाटते आणि सगळा भार पुन्हा ब्रेकवर येतो. म्हणून घाटाच्या तोंडाशीच गिअरचा दांडा M मध्ये घ्या. काही गाड्यांत मॅन्युअल S मधून मिळतो. मीटरवर नुसतं D न दिसता M2 किंवा M3 असं दिसलं, म्हणजे गिअर तुमच्या हातात आला. पॅडल नसलेल्या गाडीत हेच काम दांड्याने होतं. फक्त दांडा पुढे ढकलला की गिअर चढतो की उतरतो, हे प्रत्येक गाडीत वेगळं असतं. ते सपाट रस्त्यावरच पाहून ठेवा.

दुसरी तक्रार नेहमी ऐकू येते: ‘मायनस दाबतो, पण गिअर पडतच नाही, नुसता आकडा लुकलुकतो.’ पॅडल बिघडलेलं नसतं. त्या वेगाला खालचा गिअर टाकला तर इंजिनाचे फेरे मर्यादेबाहेर जातील म्हणून गिअरबॉक्सने नकार दिलेला असतो. म्हणजेच तुम्ही उशिरा दाबलं आहे. आधी सरळ रस्त्यावर ब्रेकने वेग कमी करा, मग एकदा दाबा, गाडी धरल्याचं जाणवू द्या आणि लागलं तरच दुसऱ्यांदा दाबा. हे सगळं स्टिअरिंग वळवायच्या आत व्हायला हवं. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत पॅडल स्टिअरिंगबरोबरच फिरतात. हेअरपिन वळणात स्टिअरिंग अर्धं फिरलं की डाव्याउजव्याची अदलाबदल होते आणि मायनसऐवजी प्लस दाबलं जातं. पावसाळ्यात आणखी एक धोका असतो. वळणाच्या मधोमध गिअर पाडला की पुढच्या चाकांना अचानक ओढ बसते आणि शेवाळलेल्या रस्त्यावर गाडी वळायचं सोडून सरळ जाऊ पाहते.

गिअर पडला तरी इंजिनाच्या आवाजाने बरेच जण घाबरतात आणि लगेच प्लस दाबतात. दीड लिटरच्या, सहा गिअरच्या पेट्रोल गाडीत ताशी ४० किलोमीटरला दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनाचे मिनिटाला साधारण ३००० फेरे होतात. लाल रेघ त्याच्या जवळपास दुप्पट अंतरावर असते, त्यामुळे इंजिनाला काही होत नाही. उलट ॲक्सिलरेटरवरून पाय काढलेला असताना या फेऱ्यांना इंधनाचे इंजेक्टर बंदच असतात. इंजिन चाकांच्या जोरावर फिरत असतं. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरणाऱ्यांनी हे नीट समजून घ्यावं. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जळतच राहतं, आणि इंजिनाची ओढ संपल्याने ब्रेक एकटे पडतात.

गिअर बरोबर निवडला आहे हे ओळखणं सोपं आहे. पाय दोन्ही पेडलवरून काढल्यावर सरळ उतारावर वेग स्थिर राहिला किंवा हळूहळूच वाढला, तर तो गिअर योग्य. झपाट्याने वाढला तर एक गिअर खाली या. वळणाआधी ब्रेक लागतोच. तो ठामपणे दाबून पूर्ण सोडा. सतत हलका पाय ठेवला तर डिस्कला थंड व्हायला वेळच मिळत नाही. सीव्हीटीमध्ये खरे गिअर नसतात, पॅडलने मिळतात त्या ठरवून दिलेल्या पायऱ्या. तरीही खालच्या पायरीला इंजिनाची ओढ मिळते आणि उतरायची पद्धत हीच राहते.

एवढं करूनही जळका वास आला आणि पेडल घट्ट असूनही गाडी नीट थांबत नसेल, तर ब्रेक पॅड तापले आहेत. पेडल मऊ लागून खाली जात असेल तर बाब जास्त गंभीर आहे: ब्रेक ऑइल उकळायला लागलं आहे. डॉट ४ प्रतीचं नवं ऑइल किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत टिकावं लागतं, पण ते हवेतली ओल शोषतं आणि ओल मुरल्यावर ही किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. दोन वर्षांहून जुनं ऑइल असेल तर घाटात जाण्याआधी बदलून घ्या. वाटेत त्रास झालाच, तर खालचा गिअर टाकून वेग उतरवा, रुंद सपाट जागी थांबा, चाकाला दगड लावा आणि अर्धा तास तरी गाडी निवू द्या. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकडी होऊ शकते.

ओव्हरटेक करतानाही चूक वेळेचीच होते. ट्रकमागे ताशी ५० ने चालताना D मध्ये गिअरबॉक्स पाचव्यात असतो, फेरे १३००–१४००. पलीकडच्या लेनमध्ये आल्यावर ॲक्सिलरेटर दाबला की गिअर पडेपर्यंत एखादा सेकंद सहज जातो. समोरून ताशी ८० ने गाडी येत असेल, तर तेवढ्यात दोघांमधलं अंतर ३५ मीटरने घटतं. ट्रक मागे टाकायला सात सेकंद धरले तर तुम्हाला सुमारे १३५ मीटर लागतात आणि समोरची गाडी १५५ मीटर पुढे येते. म्हणजे समोर जवळपास ३०० मीटर मोकळा रस्ता दिसायला हवा, आणि तोही काही शिल्लक न ठेवता. म्हणून आपल्याच लेनमध्ये, ट्रकच्या मागे असतानाच गिअर पाडा आणि मगच बाहेर निघा.

किती पाडायचा? वरच्याच गाडीत ५० ला तिसरा टाकला तर फेरे २५०० च्या आसपास येतात आणि ८० ला ४००० च्या जवळ पोचतात. पूर्ण ओव्हरटेक एकाच गिअरमध्ये होतो. दुसरा टाकला तर जोर जास्त मिळतो, पण ८० ला येईपर्यंत फेरे ६००० च्या घरात जातात. इथेच गाडीगाडीतला फरक महत्त्वाचा ठरतो. काही गाड्या मॅन्युअलमध्येही मर्यादेला वरचा गिअर स्वतः टाकतात. काही टाकत नाहीत. त्या इंधन तोडतात आणि ऐन ट्रकच्या बरोबरीला असताना गाडीचा जोर अचानक जातो. आपली गाडी यातलं काय करते ते गाडीबरोबर आलेल्या माहितीपुस्तकात वाचा आणि मोकळ्या रस्त्यावर, दुसऱ्या गिअरमध्ये, मागेपुढे कोणी नसताना एकदा करून पाहा.

ओव्हरटेक झाल्यावर दांडा D मध्ये आणा. बऱ्याच गाड्यांत प्लसचं पॅडल एक-दोन सेकंद दाबून धरलं तरी तात्पुरता मॅन्युअल सुटतो. मीटरवरचा M गेला का, हे बघूनच पुढे चला.