नागपुर की नागपूर? वेलांटी-उकाराच्या या चुका टाळा

नागपुरात ऱ्हस्व-दीर्घाचा बराच घोळ हिंदीमुळे होतो, कारण दिवसभर दोन्ही भाषांतले बोर्ड वाचायचे आणि मोबाईलचा कीबोर्ड हिंदीवर ठेवूनच मराठी टाईप करायचं, मग तो सुचवतो तेच जातं. आधी कीबोर्डची भाषा बदला भाऊ.

आता हा फ्लेक्सचा मजकूर बघा: "उत्सव समिति तर्फे दिक्षाभूमी परिसरात गरीबांना वह्या वाटप, नागपुर."

चार चुका आहेत. समिति, शक्ति, कवि, गुरु हे संस्कृत-हिंदीत बरोबर, पण मराठीत सुटा शब्द असला की शेवटचा इ-उ दीर्घ: समिती, शक्ती, कवी, गुरू. प्रत्यय लागला तरी दीर्घच राहतो, म्हणून समितीतर्फे, कवीला. समासात मात्र पहिला शब्द मूळ रूपावर जातो, शक्तिपूजा, कविसंमेलन, गुरुवार. (आणि, परंतु, तथापि यांना हात लावू नका, ते ऱ्हस्वच.)

गावाच्या नावातला पूर दीर्घ, नागपूर, चंद्रपूर. पण प्रत्यय लागताना नागपूरचं नागपुरा झालं की तोच ऱ्हस्व होतो, नागपुरात. चंद्रपुरहून मात्र चूक, चंद्रपुराहून लिहा किंवा सरळ चंद्रपूरहून, कारण शब्दाचं रूप बदललं तरच उकार बदलतो. नागपूरकर म्हणूनच दीर्घ. गरीब-गरिबांना, वकील-वकिलाला, बहीण-बहिणीला हे सगळे याच घरचे.

राहिली दिक्षाभूमी, आणि इथे नियम अर्धवट माहीत असलेलेच जास्त फसतात. किडा, विळी, पाहुणा यांत शेवटचं अक्षर दीर्घ म्हणून आधीचं ऱ्हस्व, हे बरोबर, पण ते मराठी शब्दांपुरतं. संस्कृतमधून जसेच्या तसे आलेले शब्द आतून बदलत नाहीत, म्हणून दीक्षा, परीक्षा, क्रीडा, पूजा. प्रत्यय लागला तरी शरीर-शरीराला. याची उलट बाजू १ मेच्या फ्लेक्सवर दिसते, "महाराष्ट्र दीन". दिन म्हणजे दिवस, दीन म्हणजे बिचारा! बोलताना आपण दिनमधला दि लांबवतोच, त्यामुळे इथे कानावर जाऊन उपयोग नाही.

मग तपासायचं कसं? शब्द संस्कृत आहे का ते संस्कृत कोशात बघा, पण शेवटचा इ-उ तिथून उचलू नका, तिथे कविच सापडेल. शेवटासाठी मराठी शुद्धलेखनाचा कोशच घ्या आणि तोही १९६२ चे नियम पाळणारा, त्याआधीच्या पुस्तकांत लेखन वेगळं दिसतं. आणि मजकूर छापायला द्यायच्या आधी "पुर", "ति", "दिक्षा", "परिक्षा" एवढं सर्च मारून बघा, प्रत्येक जागी पुढे प्रत्यय आहे, समास आहे की शब्द तिथेच संपतो ते पाहून मगच दुरुस्त करा, सरसकट रिप्लेस केलं तर नागपुरातचं नागपूरात होऊन बसते.