एकत्र कुटुंबात थोडा एकांत हवाय? मग या चुका टाळा

आमचं घर डोंबिवलीत, टू बीएचके, माणसं सात. सासू-सासरे, आम्ही दोघं, दोन मुलं आणि धाकटे भाऊजी. मी ठाण्याला अकाउंट्समध्ये आहे, संध्याकाळच्या लोकलमधून उतरून घरी पोचेपर्यंत सव्वासात होतात. मला काय हवं होतं तर साडेसात ते आठ, फक्त अर्धा तास, दार लोटून एकटीने बसायचं. बाकी काही नाही. आणि हे मागायला मला चार वर्षं लागली कारण मनात सतत तेच, अगं मुलं सासू-सासऱ्यांच्या जिवावर टाकून तू नोकरीला जातेस आणि वर यांच्यापासूनच लांब बसायचं म्हणतेस?

या चार वर्षांत जे जे चुकलं ते लिहितेय, बघा तुमच्याकडेही तसंच होतंय का.

डोकं दुखतंय असं सांगणं

ही पहिली आणि सगळ्यात कॉमन चूक. एकटं बसायचंय हे तोंडातून निघत नाही म्हणून आपण म्हणतो डोकं दुखतंय, जरा पडते. त्यावर आमच्या आई पाच मिनिटांत बाम घेऊन आत यायच्या, शेजारी बसून कपाळ चोळायच्या, मग चहा, मग "दुपारी जेवलीस का नीट?", मग बाबा दारात उभे, "डॉक्टरांकडे जायचं का?" म्हणजे आजाराचं कारण सांगितलं की घर जास्त जवळ येतं, कारण आपल्याकडे आजारी माणसाला एकटं टाकत नाहीत. आणि इतक्या मायेने कपाळ चोळणाऱ्या बाईशी आपण खोटं बोललो याचं वाईट वाटतं ते वेगळंच. मला वाटायचं आपण स्वार्थी आहोत म्हणून गिल्ट येतंय, पण नीट बघितलं तर त्यातलं निम्मं गिल्ट खोटं बोलल्याचं होतं. खरं सांगितल्यावर तेवढं तरी गेलं.

"मला प्रायव्हसी हवी" हा शब्द

हा शब्द आमच्या घरात दोन अर्थाने ऐकला जातो, एक नवराबायकोचं आणि दुसरा वेगळं बिऱ्हाड. मी एकदा तोही भांडणाच्या दिवशी वापरला, आणि आई दोन दिवस गप्प. त्यांना वाटलं आम्ही फ्लॅट बघतोय! त्यापेक्षा काम, वेळ आणि शेवट, तिन्ही सांगायचं. मी शेवटी एका रविवारी सकाळी भाजी निवडताना म्हटलं, "आई, ऑफिसातून आल्यावर मला अर्धा तास कोणाशी बोलावंसं वाटत नाही, डोक्यात सगळा गोंगाट असतो. साडेसात ते आठ मी आत बसेन, आठला बाहेर येऊन पोळ्यांना लागेन." त्या म्हणाल्या, "बस की, त्यात काय." चार वर्षं मी या वाक्याला घाबरले होते.

आठ म्हटलं की आठलाच बाहेर यायचं मात्र, पहिले पंधरावीस दिवस तर घड्याळ लावून. सव्वाआठ झाले की बाहेरच्यांना ते रुसणं वाटायला लागतं.

दार सारखं उघडतंय म्हणून माणसांवर चिडणं

परवानगी मिळाली तरी दार उघडतच होतं आणि माझा संताप संताप व्हायचा, की कोणाला माझी किंमतच नाही. मग मी एक आठवडा वहीत नुसतं लिहून ठेवलं, कोण आलं आणि कशासाठी. सात दिवसांत एकोणीस वेळा दार उघडलं. त्यातले चौदा वेळा लोक माझ्याकडे आलेच नव्हते, वस्तूंसाठी आले होते! बाबांच्या बीपीच्या गोळ्या आमच्या कपाटात, धुतलेले टॉवेल आमच्या बेडवर घडी करायला टाकलेले, इस्त्री आमच्याकडे, मोठा चार्जर आमच्याकडे, आणि भाऊजींचे ऑफिसचे शर्ट पण, कारण घरातलं मोठं कपाट एकच. ती माझी खोली नव्हतीच, घराचं कोठार होतं आणि मी त्यात बसत होते.

एका शनिवारी गोळ्यांचा डबा हॉलच्या शोकेसमध्ये गेला, टॉवेल-नॅपकिन बाथरूमबाहेरच्या रॅकवर, इस्त्री आणि चार्जर हॉलच्या कोपऱ्यात, भाऊजींचे शर्ट आमच्या कपाटातून त्यांच्या दिवाणाच्या ड्रॉवरमध्ये. पुढच्या आठवड्यात दार चार वेळा उघडलं, तीन वेळा धाकटी आणि एकदा आई, विचारायला की कुकर लावू का. कोणाला एक शब्द बोलावा लागला नाही. त्यामुळे भांडायच्या आधी ही यादी कराच.

जुन्या वाड्यांत बघा, ओसरी, माजघर, माळा अशा जागा वेगवेगळ्या असायच्या आणि ओसरीवरचा पाहुणा माजघरात घुसत नसे, दार न लावता आडोसा मिळायचा. फ्लॅटमध्ये हॉल, किचन, बेडरूम सगळं एकमेकांच्या अंगावर, त्यामुळे तो आडोसा आता वेळ ठरवून आणि वस्तू हलवून करावा लागतो.

कडीचंही सांगते. कडी लावल्याचा आवाज हॉलमध्ये ऐकू जातो आणि तो लागतो लोकांना. मी दार लोटून आतून पडदा ओढते, बास.

नवऱ्याला निरोप्या करणं

"ती म्हणतेय तिला एकटं बसायचंय" असं त्याने सांगितलं की ते तक्रार म्हणून पोचतं आणि मुलगा मधे सापडतो. माझं मी बोलले. आमचं दोघांचं जे होतं, म्हणजे रविवारी संध्याकाळी दोघांनीच फिरायला जायचं, ते मात्र त्यानेच त्याच्या आईला सांगितलं आणि "आम्ही जातो" असं सांगितलं, ती-मी नाही.

अर्ध्या तासाचं भाडं भरणं

हे मला सगळ्यात उशिरा कळलं. आत बसून आले की मी अपराधी वाटून रात्री जास्तीचं काहीतरी करायचे, कधी शिरा, कधी सगळ्यांच्या डब्यांची भाजी आदल्या रात्रीच चिरून ठेव. म्हणजे विश्रांती घेतली आणि दुप्पट दमले. आई-बाबा मुलांना सांभाळतात त्याचे उपकार आहेतच, पण ते फेडायची जागा वेगळी आहे. बाबांचं दर तीन महिन्यांचं चेकअप मी सुट्टी टाकून करते, आईंना त्यांच्या बहिणीकडे नेऊन सोडते. तो हिशोब तिकडे, अर्धा तास इकडे. दोन्ही एका वहीत लिहिले की कधीच जुळत नाही.

एक मात्र वेगळं धरा. फोन तपासतात, पगार काढून घेतात, माहेरी बोलू देत नाहीत, हा एकांताचा प्रश्न नाही आणि वरचे उपाय त्याला चालणार नाहीत. तो छळ आहे, 2005 च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात मानसिक आणि आर्थिक छळही येतो, 181 वर फोन करा.

आणि शेवटची चूक माझीच, जी मला दिसतच नव्हती. मी रोज दुपारी तीनला ऑफिसातून घरी फोन करायचे, मुलं जेवली का, झोपली का. रविवारचं ते बोलणं झाल्यावर महिन्याभराने आई पोह्याचे पापड वाळत घालताना म्हणाल्या, "एक सांगू का, तो तीनचा फोन नको करूस गं. मुलं झोपली की तेवढीच मला जरा शांतता असते, पंधरा मिनिटं डोळा लागतो आणि फोन वाजतो." आता मी फोन साडेचारला करते.