खात्यातून वर्षानुवर्षं कटणारी विसरलेली वर्गणी कायमची कशी बंद करावी

माझे काका एसटीतून निवृत्त झाले, सांगलीत राहतात. मागच्या वर्षी जूनमध्ये त्यांना खातं काकूंबरोबर जोडखातं करायचं होतं, म्हणून त्यांनी जुनी पासबुकं काढली आणि मला फोन केला. "अगं, दर महिन्याच्या पाच तारखेला एक रक्कम जाते. ही कसली?" मी कर सल्लागाराच्या कार्यालयात काम करते, लोकांची पासबुकं रोज हाताळते. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला त्यांच्याकडे गेले आणि दीड वाजेपर्यंत ते काम संपवलं. जून 2018 मध्ये एका प्रदर्शनात त्यांनी आरोग्य तपासणीच्या सवलतीचं सभासदत्व घेतलं होतं. पहिली दोन वर्षं महिना 199 रुपये, पुढची तीन वर्षं 249, शेवटची दोन वर्षं 299. 84 हप्त्यांचे मिळून 20,916 रुपये. तपासणी त्यांनी एकदाही करून घेतली नव्हती.

त्या सकाळी आम्ही जे केलं, तेच क्रमाने सांगते. हे काम मी अनेकांसाठी केलं आहे. त्यातली एक पायरी सोडली तर बाकी सगळं सोपं आहे.

पैसे कुठल्या वाटेने जातात ते आधी ओळखा

वर्गणी कार्डावरून जाते की थेट खात्यातून, हा पहिला प्रश्न. रिझर्व्ह बँकेचे नियम 1 ऑक्टोबर 2021 पासून कडक झाले आणि कार्डावरच्या जुन्या आपोआप वजावटी ओटीपी देऊन नव्याने नोंदवल्याशिवाय चालेनाशा झाल्या. शिवाय आता प्रत्येक वजावटीच्या किमान 24 तास आधी तसा संदेश यावा लागतो. त्यामुळे सात वर्षं कुणाच्याही लक्षात न येता चाललेली वर्गणी बहुधा कार्डावरची नसतेच. ती खात्यावरच्या मॅन्डेटमधून जाते, म्हणजे तुम्ही कधीतरी कागदावर सही करून बँकेला दिलेल्या कायम परवानगीतून. पासबुकात अशा नोंदीपुढे `ACH D-`, `ACHDr` किंवा `NACH` असं काहीतरी छापलेलं असतं.

म्हणूनच "कार्ड ब्लॉक करा" हा सल्ला इथे निरुपयोगी आहे. कार्ड बदललं तरी खातं तेच राहतं. मोबाइलमधून ॲप काढून टाकल्यानेही काही थांबत नाही. सर्वात घातक सल्ला "त्या तारखेला खात्यात पैसेच ठेवू नका" हा. हप्ता परत गेला की बँक दंड लावते. अनेक बँकांत तो दर वेळी 250 ते 500 रुपये आणि वर जीएसटी असा असतो. 299 रुपये वाचवायला गेलेले लोक त्याहून जास्त भरून माझ्याकडे आलेले आहेत. आणि देणं बाकी असताना शिल्लक अपुरी म्हणून इलेक्ट्रॉनिक हप्ता परतणं हे 2007 च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम 25 खाली चेक न वटण्यासारखंच गुन्हा ठरू शकतं. या वाटेला कुणीही जाऊ नये.

कंपनीला लेखी कळवा

सभासदत्व बंद करत असल्याचा ईमेल पाठवा, त्यात खात्याचे शेवटचे चार आकडे आणि पहिल्या हप्त्याची तारीख लिहा. झालं.

एकच गोष्ट सांभाळा. पासबुकात बऱ्याचदा मूळ कंपनीऐवजी तिच्यासाठी पैसे गोळा करणाऱ्या मध्यस्थाचं नाव छापलेलं असतं. काकांच्या पासबुकातलं नाव त्यांनी कधी ऐकलेलंच नव्हतं. अशा वेळी लोक ते नाव इंटरनेटवर शोधतात आणि समोर येणाऱ्या पहिल्या 'कस्टमर केअर' नंबरवर फोन लावतात. हे करू नका. तिथे भामट्यांचे नंबर पेरलेले असतात आणि "पैसे परत देतो, हे ॲप टाका" म्हणत ते खातं साफ करतात. कंपनीचं खरं नाव पुढच्या पायरीत बँकेकडूनच मिळतं, तोवर थांबा.

बँकेत मॅन्डेट रद्द करणं

इथे मी स्वतः एकदा चांगलीच फसले आहे. काही वर्षांपूर्वी आईच्या खात्यातून एका मासिकाची वर्गणी जात होती. मी बँकेत गेले, "हे पैसे थांबवा" असा अर्ज दिला, पोच घेतली आणि निश्चिंत झाले. पुढच्या महिन्यात पैसे गेले नाहीत. त्यानंतरच्या महिन्यात पुन्हा गेले. विचारायला गेले तेव्हा कळलं की माझ्या अर्जावर फक्त त्या एका हप्त्याचं 'स्टॉप पेमेंट' झालं होतं. परवानगी जागच्या जागी जिवंत होती. काउंटरवरच्या माणसाने माझ्या अर्जात लिहिलं होतं तेच केलं होतं. थांबवणं आणि रद्द करणं ही बँकेत दोन वेगळी कामं आहेत, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

तेव्हापासून मी अर्ज लिहिण्याआधी शाखेत दोन गोष्टी मागते. पहिली, त्या मॅन्डेटचा `UMRN`. हा चार इंग्रजी अक्षरांनी सुरू होणारा, एकूण 20 खुणांचा क्रमांक असतो आणि प्रत्येक मॅन्डेटचा वेगळा असतो. काही बँकांच्या नेटबँकिंगमध्ये तो दिसतो, पण जुने कागदी मॅन्डेट तिथे नसण्याचीच शक्यता जास्त. दुसरी, मूळ मॅन्डेट फॉर्मची प्रत. सही जुळवण्यासाठी तो फॉर्म स्कॅन होऊन तुमच्या बँकेकडे आलेला असतो, त्यामुळे "आमच्याकडे काही नाही, कंपनीला विचारा" हे उत्तर स्वीकारू नका.

काकांच्या शाखेत आधी हेच उत्तर मिळालं. मी तिथेच बसून राहिले आणि अधिकाऱ्यांना भेटायचं आहे म्हणाले. वीस मिनिटांनी त्यांनी पडद्यावर फॉर्म उघडून दाखवला. खाली काकांची ठसठशीत सही. वरचा मजकूर मात्र दुसऱ्याच्या अक्षरात, घाईघाईने भरलेला. रक्कम 1000 रुपये, तिच्यापुढे 'फिक्स्ड अमाउंट' ऐवजी 'मॅक्झिमम अमाउंट'वर खूण. शेवटची तारीख रिकामी, खाली 'अन्टिल कॅन्सल्ड'वर खूण. 199 चे 299 कसे झाले, याचं उत्तर तिथेच होतं. हजारापर्यंत कितीही रक्कम आणि रद्द करेपर्यंत कितीही वर्षं, अशी परवानगी काकांनीच दिली होती. काका बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले. म्हणाले, "मी सही केली तेव्हा हे रकाने कोरे होते." माझा त्यांच्यावर विश्वास आहे. प्रदर्शनाच्या टेबलांवर असेच फॉर्म पुढे केले जातात.

त्याच कंपनीच्या नावावर दुसरं मॅन्डेट नाही ना, हेही तिथेच विचारून घ्या. नूतनीकरणाच्या वेळी दुसरी सही घेतलेली असते. एक रद्द केलं की दुसऱ्यातून हप्ता सुरू होतो आणि आपल्याला वाटतं बँकेने काम केलं नाही. काकांचं एकच निघालं.

मग अर्ज. बँकेचा छापील फॉर्म असेल तर त्यावर 'क्रिएट', 'मॉडिफाय' आणि 'कॅन्सल' असे तीन चौकोन असतात. खूण 'कॅन्सल'वरच हवी. छापील फॉर्म असला तरी मी सोबत साधा अर्ज जोडते. त्यातलं वाक्य ठरलेलं आहे:

"माझ्या खात्यावरील यूएमआरएन क्रमांक (इथे पूर्ण क्रमांक) चे मॅन्डेट आजपासून कायमचे रद्द करावे. ही एका हप्त्यापुरती स्टॉप पेमेंटची सूचना नाही."

दुसरं वाक्य गाळू नका. आईच्या वेळी तेच नव्हतं, म्हणून मला पुन्हा सगळं करावं लागलं.

काउंटरवर हमखास सांगतात, "कंपनीचं ना-हरकत पत्र आणा." ते लागत नाही. खातेदाराने परवानगी मागे घेतली तर बँकेने ती चेक थांबवण्याच्या सूचनेसारखी मानायची, कंपनीच्या संमतीचा आग्रह धरायचा नाही, असंच रिझर्व्ह बँकेचं म्हणणं आहे. शांतपणे हे सांगा आणि नकार द्यायचा असेल तर अर्जावर लिहून द्या म्हणा. लेखी नकार द्यायला सहसा कुणी तयार होत नाही. काकांचा अर्ज इथेच स्वीकारला गेला. पोच घेताना तारीख, शिक्का आणि सही तिन्ही पाहून घ्या.

पुढचा हप्ता तोंडावर असेल तेव्हा जाऊ नका, किमान आठवडाभर आधी जा. तीस दिवसांत बँकेने दाद दिली नाही तर cms.rbi.org.in वर लोकपालाकडे तक्रार करता येते, फी लागत नाही.

एक इशारा. ही पद्धत वर्गणीसाठी आहे. कर्जाचा हप्ता किंवा विम्याचा प्रीमियम अशा मॅन्डेटमधून जात असेल तर तो आधी बँकेत रद्द करू नका. देणं तसंच राहतं, कर्ज थकतं आणि पॉलिसी बंद पडते.

गेलेले पैसे

सगळे परत मिळतील या आशेवर राहू नका, पण मागायला संकोचही करू नका. ग्राहक आयोगात तक्रार साधारणपणे दोन वर्षांच्या आतली लागते, म्हणून मी मागणीही शेवटच्या दोन वर्षांचीच करते. काकांच्या बाबतीत ती 7,176 रुपये होती. सेवा एकदाही वापरली नाही आणि दर वाढवताना कळवलं नाही, ही दोन कारणं ईमेलमध्ये स्पष्ट लिहिली. कंपनीने आठ दिवस उत्तर दिलं नाही, तेव्हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवली. तीन आठवड्यांनी सहा महिन्यांचे 1,794 रुपये खात्यात आले. मी आयोगात जाऊ म्हणत होते, काकांनी तेवढ्यावर थांबायचं ठरवलं.

दोन हप्त्यांच्या तारखा जाऊ द्या

पोच मिळाली म्हणजे काम झालं असं समजू नका. पुढच्या दोन हप्त्यांच्या तारखांनंतर पासबुक छापून घ्या. कंपनीने तरीही हप्ता मागितला असेल तर तो परत गेलेला दिसेल. तेव्हा परत जाण्याचं कारण मॅन्डेट रद्द असल्याचंच हवं, आणि बँकेने दंड लावलेला नसावा. लावला असेल तर पोच दाखवून तो परत मागा.

काकांनी ऑगस्टमध्ये पासबुक छापून त्याचा फोटो पाठवला. चार तारखेला पेन्शन जमा, सहा तारखेला वीजबिल, मधे काही नाही.