खातं बंदच आहे? तक्रार निवारण अधिकाऱ्याला असं लिहा

सोशल मीडियावरचं खातं बंद झाल्यावर ॲपमधून केलेलं अपील फेटाळलं गेलं किंवा नुसतंच पडून राहिलं, तर पुन्हा पुन्हा तोच फॉर्म भरत बसू नका. 2021 च्या आयटी नियमांनुसार प्लॅटफॉर्मने तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क वेबसाइटवर किंवा ॲपवर द्यावाच लागतो. वेबसाइटच्या तळाशी ‘Grievance Officer’ शोधा. तक्रार पोहोचल्याची पोच 24 तासांत मिळायला हवी. तिचा क्रमांक जपून ठेवा, पुढे तोच लागतो.

मजकुरात राग नको, नोंदी हव्यात. समजा, घरगुती मसाले विकणाऱ्या ताईंचं खातं बंद झालंय. त्यांनी असं लिहावं: “माझं खातं @… 3 जूनला बंद केलं. कारण ‘स्पॅम’ एवढंच दिलं. 4 जूनला अपील केलं, क्रमांक …, उत्तर नाही. त्या आठवड्यात मी फक्त माझ्या मसाल्यांचे फोटो टाकले. कोणत्या पोस्टमुळे कोणता नियम मोडला ते कळवावं आणि खातं पूर्ववत करावं.” सोबत बंदीच्या सूचनेचा तारखेसह स्क्रीनशॉट आणि खात्याला जोडलेला ईमेल द्यावा. पासवर्ड किंवा ओटीपी मात्र कधीच नाही. तक्रारीतली शेवटची मागणी नेमकी लिहिणं मला सर्वात महत्त्वाचं वाटतं, कारण ‘न्याय द्या’ला साचेबद्ध उत्तर देऊन मोकळं होता येतं.

उत्तर पटलं नाही, तर ते मिळाल्यापासून 30 दिवसांत gac.gov.in वर सरकारच्या तक्रार अपील समितीकडे मोफत ऑनलाइन अपील करता येतं.