संपलेल्या इन्शुरन्सची तारीख ‘एडिट’ होत नाही. पॉलिसी रिन्यू अशी करा

झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मच्या दुकानात ही मागणी नेहमीची. गाडीच्या इन्शुरन्सचा स्कॅन मोबाइलवर पाठवायचा आणि म्हणायचं, “दादा, साल तेवढं पुढचं टाकून प्रिंट द्या.” दुकानदाराने इथे घोळ घालू नये, सरळ सांगावं: “तारीख बदलून मिळणार नाही. इन्शुरन्स काढायचा असेल तर फॉर्म भरायला मदत करतो.” खोटा दस्तऐवज बनवणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३६ खाली येतं आणि तो खरा म्हणून दाखवणं कलम ३४० खाली. म्हणजे बनवणारा आणि वापरणारा दोघंही अडकतात. विम्याशिवाय गाडी चालवल्याचा पहिल्या वेळचा दंड २,००० रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. खोट्या कागदाने हे प्रकरण उगाच फौजदारीत जातं.

शिवाय तो कागद उपयोगाचाही नसतो. विमा कंपनी पॉलिसीची माहिती सरकारच्या ‘वाहन’ प्रणालीकडे पाठवते. पोलीस गाडीचा नंबर टाकून मुदत तिथेच बघू शकतात. अपघात झाला तर कंपनी स्वतःची नोंद तपासते, तुमची प्रिंट नाही. मग जखमीला मिळणारी भरपाई मोटार अपघात दावा न्यायाधिकरण गाडीमालकाच्या खिशातून वसूल करायला लावतं, आणि माणसाच्या मृत्यूच्या किंवा दुखापतीच्या भरपाईला वरची मर्यादा नसते.

रिन्यू करण्याआधी जुनी पॉलिसी नीट वाचा. सप्टेंबर २०१८ पासून घेतलेल्या नव्या दुचाकीला थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या होणाऱ्या नुकसानीचा विमा, एकदम पाच वर्षांचा मिळतो, कारला तीन वर्षांचा. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग मात्र बहुतेक वेळा एकाच वर्षाचा असतो. त्यामुळे एकाच कागदावर दोन मुदती असतात, आणि घाबरून आलेल्या कितीतरी जणांचा थर्ड पार्टी अजून चालूच असतो. कायद्याने सक्तीचा आहे तो तेवढाच.

आता उदाहरण घेऊ. ११० सीसीची जुनी स्कूटर आहे, दोन्ही भाग १४ मार्चला संपलेत आणि आज २ एप्रिल आहे. फक्त थर्ड पार्टी घ्यायचा तर ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीचा वर्षाचा हप्ता ७१४ रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे जवळजवळ ८४३ रुपये. हा मूळ दर सरकार ठरवतं, म्हणून सगळ्या कंपन्यांत तो सारखाच. याच गाडीचा थर्ड पार्टी कोणी पाचशेत देत असेल तर ती पॉलिसी खोटी आहे असंच समजा. मालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा आधीपासून नसेल तर त्याची रक्कम वेगळी वाढते. ती कंपनीनुसार बदलते.

कंपनीच्या साइटवर गाडीचा नंबर टाका. इंजिन आणि चेसिस नंबर आपोआप आले तरी आरसी बुकाशी ताडून पाहा, एक अंकही चुकला तर दाव्याच्या वेळी वाद होतो. “आधीची पॉलिसी संपली आहे का?” याला ‘हो’ म्हणा आणि १४ मार्च हीच तारीख लिहा. मोबाइल नंबर आणि ईमेल स्वतःचाच द्या. दुकानदाराचा दिला तर ओटीपी आणि पॉलिसी त्याच्याकडे जाते. दुकानदारानेही फॉर्म भरण्यापुरतीच मदत करावी. कमिशनवर पॉलिसी विकायची तर प्रशिक्षण आणि परीक्षा देऊन रीतसर नोंदणी लागते.

फुल इन्शुरन्स, म्हणजे दोन्ही भाग घ्यायचे असतील तर दोन गोष्टी वाढतात. खंड पडल्यामुळे कंपनी गाडीची तपासणी मागू शकते, कारच्या बाबतीत तर हमखास. हल्ली बहुधा मोबाइलवर व्हिडिओ काढून पाठवायचा असतो. दुसरं म्हणजे नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट. मुदत संपल्यापासून ९० दिवसांत रिन्यू केलं तरच तो टिकतो, म्हणजे आपल्या उदाहरणात १२ जूनपर्यंत. गेल्या वर्षी क्लेम घेतलेला असताना ‘नाही’ लिहून बोनस लाटला, तर पुढचा दावा कापला जातो किंवा नाकारलाच जातो.

“मागच्या तारखेपासून द्या” हे मात्र कोणतीच कंपनी करू शकत नाही. हप्ता मिळण्याआधीची जोखीम विमा कंपनीने घ्यायची नाही, असं विमा कायद्याचं कलम ६४ व्हीबी सांगतं. १५ मार्चपासूनचे दिवस कोरडेच राहतात. पैसे भरले की लगेच किल्ली फिरवू नका. पॉलिसीवर सुरुवातीची तारीख आणि वेळ छापलेली असते. कधी ती दुसऱ्या दिवशीची, कधी त्याच्याही पुढची असते, आणि तोवर स्कूटर घरीच.

पीडीएफ मोबाइलमध्ये ठेवा. काही दिवसांनी एमपरिवहन अ‍ॅपमध्ये गाडीचा नंबर टाकून नवी मुदत दिसते का पाहा. दिसत नसेल तर पॉलिसी नंबर देऊन कंपनीच्या ग्राहक सेवेकडे तक्रार करा. त्यांच्याकडे तो नंबरच सापडला नाही, तर पॉलिसी विकणाऱ्याविरुद्ध पोलिसांत जा.